हिंदी गोष्टीतला ‘ने’ आणि लिंग
प्रश्न: ‘मैं बाज़ार गया, मैं मेथी ख़रीदा, दुकान बड़ा था’ – परभणीच्या बाजारावरच्या माझ्या हिंदी गोष्टीत काय चुकले?

‘गया’ बरोबर आहे, पुढे मात्र ‘मैंने मेथी ख़रीदी’ आणि ‘दुकान बड़ी थी’ असे हवे. सकर्मक क्रियापदाच्या भूतकाळात मराठीतल्या ‘मी’ला ‘ने’ लागत नाही, हिंदीतल्या ‘मैं’ला लागतो, क्रियापद मात्र दोन्हीकडे कर्माप्रमाणे, म्हणजे येथे स्त्रीलिंगी मेथीप्रमाणे चालते. आपल्याकडच्या दखनीत ‘मैं मेथी लिया’ चालते आणि ती त्या बोलीची स्वतःची रीत आहे, पण प्रमाण हिंदीत ते बसत नाही. दुकान मराठीत नपुंसकलिंगी, हिंदीत स्त्रीलिंगी आहे. अपवाद ‘लाना’चा: ‘मी मेथी आणली’ या वळणाने ‘मैंने मेथी लाई’ लिहू नका, तेथे ‘मैं मेथी लाया’ हेच शुद्ध आहे.