आईला छातीत इन्फेक्शन झालंय. ऑक्सिमीटर कधी ९६ दाखवतो, कधी ९१. कुठला आकडा खरा धरायचा आणि किती खाली गेलं की दवाखान्यात न्यायचं?

कुठला खरा हे आकड्याकडे बघून कळत नाही, नाडीवरून कळतं. पण आधी एक स्पष्ट सांगते: मनासारखा आकडा येईपर्यंत बोटं बदलत बसणं आजच बंद करा. छातीच्या वॉर्डात उशिरा पोचलेल्या पेशंटच्या नातेवाइकांकडून मी हेच ऐकत आले आहे, "एका बोटावर कमी येत होतं, पण दुसऱ्यावर चांगलं होतं."

हे यंत्र बोटातून लाल आणि इन्फ्रारेड असा दोन प्रकारचा प्रकाश पाठवतं आणि नाडीच्या ठोक्याबरोबर जेवढा भाग कमीजास्त होतो त्यावरून हिशेब करतं. बोट गार असेल, हलत असेल किंवा क्लिप अर्धवट बसली असेल तर ठोका क्षीण पोचतो आणि आकडा चुकतो, बहुतेक वेळा खालच्या बाजूला. म्हणूनच "कमी आलं म्हणजे यंत्राची चूक" असा लोकांचा समज होतो. चूक आहे की नाही, हे तपासता येतं.

आई बाथरूमला जाऊन आली असेल, जेवली असेल किंवा खोकल्याची उबळ येऊन गेली असेल तर आधी पाच मिनिटं टेकून बसू द्या. हात गार असेल तर चोळून किंवा कोमट पाण्यात धरून गरम करा. नेलपॉलिश पुसा, वाढलेलं नख कापा, कारण लांब नखामुळे बोट आतल्या टोकापर्यंत पोचत नाही. गडद मेंदी असेल तर बिनमेंदीचं बोट घ्या. मधलं किंवा तर्जनी यांतलं एक बोट ठरवा आणि दर वेळी तेच वापरा. नख वरच्या बाजूला येईल अशी क्लिप लावून तो हात छातीवर शांत ठेवायला सांगा. त्याच हाताला बीपीचा पट्टा नको, वरून थेट ऊनही नको. पहिले काही सेकंद जे दिसतं ते सोडून द्या, पूर्ण मिनिटभर थांबा. जो आकडा निदान पाच सेकंद जागचा हलत नाही, तो लिहा.

त्याच मिनिटात दुसऱ्या मनगटावर नाडी मोजा. पडद्यावर `%SpO2` म्हणजे ऑक्सिजन आणि `PRbpm` म्हणजे नाडी. घाईत नाडीचे ९२ ऑक्सिजन म्हणून वहीत गेलेले मी पाहिले आहेत. यंत्र नाडी १३० दाखवतंय आणि हाताला ९० लागतेय, तर ऑक्सिजनचा आकडाही टाकून द्या, हात गरम करून पुन्हा घ्या. नाडी जुळतेय, ठोक्याची पट्टी एकसारखी वरखाली होतेय आणि तरीही ९१ आहे? मग ते ९१ खरं धरायचं. यंत्राबद्दल शंका असेल तर घरातल्या निरोगी माणसाला लावून बघा आणि सेल बदला. आणखी एक, पडदा उलट्या बाजूने वाचला तर 98 चा 86 दिसतो.

आता माझं जुनं भांडण. "९४ च्या वर आहे ना, मग काळजी नाही" हे वाक्य मला मान्य नाही. एका ६८ वर्षांच्या काकूंच्या घरी वही नीट ठेवलेली होती, म्हणून तीच सांगते. सोमवारी संध्याकाळी ऑक्सिजन ९६, नाडी ९२, श्वास मिनिटाला २०. मंगळवारी सकाळी ९५, ९८, २२. मंगळवारी संध्याकाळी ९४, १०८, २६. बुधवारी सकाळी ९४, ११२, २८. घरच्यांनी पहिलाच रकाना पाहिला आणि "कालच्याइतकंच आहे" म्हणून थांबले. दुपारी संडासला जाऊन आल्यावर ८८ आलं आणि बसल्यावरही ९३ वर यायला वेळ लागला.

मंगळवार ते बुधवार ऑक्सिजन ९४ वर टिकला, कारण काकू तो जोरजोरात श्वास घेऊन टिकवत होत्या. फुप्फुसाचा एक भाग कफाने आणि सुजेने बंद पडला की उरलेल्या भागावर जास्तीचा भार येतो. बरगड्यांमधले स्नायू थकले की हा आधार सुटतो. त्यात ९० च्या आसपास आल्यावर पुढची घसरण भरभर होते. त्यांना मंगळवारी संध्याकाळीच न्यायला हवं होतं. तो निर्णय २६ या आकड्याने दिला होता, ९४ ने नाही.

म्हणून श्वास मोजाच. मोजतोय हे आईला कळू देऊ नका, कळलं की माणूस नकळत श्वास बदलतो. नाडी बघत असल्यासारखं मनगट धरून ठेवा आणि छाती किती वेळा वर येते ते घड्याळ लावून पूर्ण ६० सेकंद मोजा. पंधरा सेकंद मोजून चारने गुणू नका.

कधी न्यायचं? शांत बसलेलं असताना, बाहेरून ऑक्सिजन सुरू नसताना ९५ किंवा वर आणि श्वास २४ च्या आत असेल तर दिवसातून तीन-चारदा नोंद पुरे. ९३ किंवा ९४ आलं, नेहमीपेक्षा तीनने घसरलं, किंवा श्वास २४ च्या वर गेला, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा, सकाळची वाट बघू नका. नीट घेतलेला आकडा ९२ किंवा खाली असेल, किंवा श्वास ३० ला पोचला, तर थेट हॉस्पिटल. तुमचं ९१ नाडी जुळून आलेलं असेल तर हे उत्तर वाचत बसू नका, निघा. ओठ निळसर, बोलताना वाक्य तुटणं, नव्याने होणारा गोंधळ किंवा न उतरणारी गुंगी दिसली तर ऑक्सिमीटर शोधूही नका, १०८ ला फोन करा.

कोविडच्या काळात आपल्याकडे सहा मिनिटं चालून बघण्याची चाचणी घरोघरी पोचली. चालल्यावर तीनपेक्षा जास्त घसरण किंवा ९३ च्या खाली जाणं म्हणजे धोका, हे तिचं गमक. बसल्या जागी ९५ किंवा वर असलेल्यालाच, सोबत माणूस ठेवून ती करावी. आधीच धाप लागलेल्या आईला चालवू नका.

काही गोष्टी आधीच सांगायला हव्या होत्या. जुना दमा-सीओपीडी असलेल्यांपैकी काहींचं नेहमीचंच ८८ ते ९२ असतं. त्यांची हद्द डॉक्टरांकडून लिहून घ्या, आणि घरी कॉन्सन्ट्रेटर असेल तर आकडा वाढावा म्हणून स्वतःच्या मनाने लिटर वाढवू नका, त्यांच्यात कार्बन डायऑक्साइड साचतो. ऑक्सिजन लावून घेतलेल्या आकड्यापुढे किती लिटरवर होता ते लिहा. यंत्र दोन-तीन टक्के इकडेतिकडे होतंच, आणि सावळ्या-काळ्या त्वचेवर खऱ्यापेक्षा थोडं जास्त दाखवू शकतं, म्हणून काठावरच्या ९३ ला ९५ समजू नका. लहान मुलांच्या बोटाला मोठ्यांची क्लिप विश्वासाची नाही. आणि चुलीच्या किंवा शेगडीच्या धुरात कोंडलेल्या माणसाला हे यंत्र ९८ सुद्धा दाखवेल, कारण कार्बन मोनॉक्साइडने भरलेलं रक्त त्याला ऑक्सिजनचंच वाटतं. तिथे आकड्यावर जाऊ नका, मोकळ्या हवेत आणा आणि हॉस्पिटलला न्या.