एकाच पॉलिसीत दोन शेवटच्या तारखा

प्रश्न : वकीलसाहेब, पासपोर्ट, गाडीचा विमा, पीयूसी, फ्रिज-लॅपटॉपची वॉरंटी या सगळ्यांच्या तारखा मी एका शीटमध्ये ठेवतो; तीस दिवस आधी मोबाइलवर सूचना येते. कार ऑक्टोबर २०२४ मध्ये नवी घेतली. शीटमध्ये विमा १७ ऑक्टोबर २०२७ पर्यंत आहे. ६ जानेवारीला स्कूटरला धक्का लागून गाडी दुभाजकावर गेली. दुरुस्ती ८४ हजार. कंपनी म्हणते, विमा ऑक्टोबरमध्येच संपला. पीयूसी काढायची राहिली होती, म्हणून तर नाही ना? कंपनीने साधी आठवणही केली नाही. स्कूटरवाल्याचा हात मोडला आहे, तो २५ हजारांत मिटवायला तयार आहे. देऊन टाकू का? आणि कंपनीविरुद्ध ग्राहक आयोगात जाऊ का?

उत्तर : पैसे देऊ नका. का, ते पुढे सांगतो.

तुम्ही पाठवलेलं पॉलिसीचं पहिलं पान पाहिलं. त्यावर मुदतीच्या दोन ओळी आहेत, एक दुसऱ्याला झालेल्या नुकसानीची आणि एक तुमच्या स्वतःच्या गाडीची. थर्ड पार्टी : १८ ऑक्टोबर २०२४ ते १७ ऑक्टोबर २०२७. त्याच्या बरोबर वर, ओन डॅमेज : १८ ऑक्टोबर २०२४ ते १७ ऑक्टोबर २०२५ची मध्यरात्र. तुम्ही खालची ओळ शीटमध्ये उतरवली आणि वरची सोडून दिली. या महिन्यात असं पत्र पाठवणारे तुम्ही पहिले नाही, म्हणून थोडं चिडूनच लिहितो आहे. शीट बनवायला वेळ मिळतो, पान पूर्ण वाचायला मिळत नाही.

सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर १ सप्टेंबर २०१८ पासून नव्या कारला तीन वर्षांचा आणि नव्या दुचाकीला पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा एकदमच घ्यावा लागतो. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा भाग मात्र सहसा एकाच वर्षाचा जोडून देतात. कागद एक, करार दोन. दुसरा करार तुमच्या अपघाताच्या ८१ दिवस आधी संपला होता. विमा कायद्याच्या कलम ६४ व्हीबीप्रमाणे हप्ता हातात आल्याशिवाय कंपनी जोखीम घेऊ शकत नाही, त्यामुळे आज पैसे भरून ६ जानेवारीचं नुकसान भरून मिळणार नाही. ‘अपघाताची तारीख पुढची दाखवू’ म्हणणारा कोणी भेटला तर त्याच्यापासून दूर राहा. ती फसवणूक आहे आणि सर्व्हेअर फोटोंवरून ती पकडू शकतो.

आयोगाचं काय? नूतनीकरणाची आठवण केली नाही म्हणून संपलेला करार जिवंत होत नाही. हा मुद्दा एकटा टिकेल असं मला वाटत नाही. एकच फट आहे. पहिल्या पानावरची हप्त्याची फोड आणि शोरूमची पावती समोरासमोर ठेवा. तुमच्या ११९७ सीसीच्या कारसाठी तीन वर्षांचा थर्ड पार्टी हप्ता १०,६४० रुपये आहे. ओन डॅमेजच्या रकान्यात एकाच वर्षाचा हप्ता असेल, तर विषय संपला. शोरूमने ‘तीन वर्षांचा पूर्ण विमा’ असं लेखी दिलं असेल आणि पैसेही तसेच घेतले असतील, तर तक्रारीला पाय आहेत. पण ती मुख्यतः शोरूमविरुद्ध होईल. कायद्यात अशा तक्रारीचा निकाल तीन महिन्यांत लावायचा म्हटलं आहे. प्रत्यक्षात तीन महिन्यांत बहुधा पुढच्या तारखा पडतात. ८४ हजारांसाठी तो रस्ता धरण्याआधी कागद हातात आहे का ते बघा.

आता स्कूटरवाला. इथे तुमची तीच लांबची तारीख कामाला येते. थर्ड पार्टी विमा चालू आहे, म्हणजे विनाविमा गाडी चालवल्याचा मोटार वाहन कायद्याच्या कलम १९६चा गुन्हा तुमच्यावर लागत नाही आणि त्याच्या दुखापतीची भरपाई कंपनीने द्यायची आहे. पण पॉलिसीत एक अट असते : कंपनीच्या लेखी संमतीशिवाय चूक कबूल करायची नाही, देऊ करायचं नाही, पैसे द्यायचे नाहीत. तुम्ही २५ हजार देऊन एखाद्या कागदावर सही केलीत, तर कंपनीला हात झटकायला निमित्त मिळेल. शिवाय त्याचा हात नीट बसला नाही तर तो मोटार अपघात न्यायाधिकरणात भरपाई मागायला जाईलच, आणि तुमचा कागद त्याला अडवेल याची खात्री नाही. त्याच कायद्याच्या कलम १३४ नुसार अपघाताची लेखी माहिती विमा कंपनीला देणं चालकावर बंधनकारक आहे, पोलिसांनाही २४ तासांत. दिली नसेल तर उशीर झालाच आहे, आजच्या आज द्या. ईमेल पाठवा, पोच जपून ठेवा. त्याला माणुसकीने भेटायला जा, पाकीट घेऊन जाऊ नका.

आणखी एक तारीख तुमच्या शीटमध्ये नाही, आणि ती अजून उलटलेली नाही. गेल्या वर्षी तुम्ही दावा केला नाही, त्यामुळे ओन डॅमेजच्या हप्त्यावर २० टक्के नो क्लेम बोनस जमा आहे. मुदत संपल्यापासून ९० दिवसांत नूतनीकरण केलं तरच तो टिकतो. ९० वा दिवस १५ जानेवारी. आज १२ तारीख आहे. बोनस पुढे २५, ३५, ४५ करत ५० टक्क्यांपर्यंत चढतो, हातून गेला तर पुन्हा शून्यापासून. आता विम्यात खंड पडल्याने कंपनी आधी गाडीची तपासणी करेल आणि मोडलेला भाग नोंदवून ठेवेल. काही कंपन्या आधी दुरुस्ती करून आणायला सांगतात. म्हणून आजच दोन-तीन कंपन्यांना विचारा. नुसता ओन डॅमेजचा वेगळा विमा मिळतो, तो थर्ड पार्टीच्याच कंपनीकडून घ्यायला हवा असं नाही. अपघात लपवू नका.

पीयूसीवर तुम्ही उगाच झोप घालवता आहात. प्रमाणपत्र नाही एवढ्याच कारणावरून दावा नाकारता येत नाही, हे विमा नियामकाने २०२० मध्येच स्पष्ट केलं आहे. दंड मात्र वेगळा आहे, कलम १९० खाली दहा हजारांपर्यंत. नव्या गाडीला नोंदणीपासून पहिलं वर्ष ते लागत नाही, नंतर तुमच्या बीएस-६ गाडीला ते दरवर्षी लागतं. म्हणजे ती सूचनाही ऑक्टोबर २०२५ मध्येच यायला हवी होती.

शीट ठेवा, पण विम्याच्या दोन ओळी करा आणि त्याखाली ९० दिवसांची तिसरी. पासपोर्टला तीस दिवसांची सूचना निरुपयोगी आहे. कित्येक देश प्रवासाच्या वेळी सहा महिने मुदत शिल्लक मागतात, आणि नूतनीकरणाचा अर्ज मुदत संपण्याच्या एक वर्ष आधीपासून करता येतो. सूचना तेव्हाच लावा. मुलांचा असेल तर तो साधारण पाच वर्षांचाच असतो, मोठ्यांची दहा वर्षं त्याला लावू नका. फ्रिजच्या कागदावर तुमच्या पॉलिसीसारखाच घोळ सापडेल : पूर्ण वस्तूची मुदत कमी, कॉम्प्रेसरची जास्त. दोन्ही लिहा. तिथे दुरुस्तीचा दिवस मोजत नाहीत, तक्रार नोंदवल्याचा दिवस मोजतात, म्हणून फोनवर ‘बघतो’ ऐकून थांबू नका, तक्रार क्रमांक घ्या.