खरेदीखतातली हद्द कागदावर आखून बघा

«पुढच्या वर्षी आम्ही कायमचे तिकडे येतोय. घरासाठी एक प्लॉट पसंत पडलाय. एजंटने खरेदीखताचा मसुदा आणि प्लॅन पाठवलाय, पण हद्दीच्या जागी नुसते कोन आणि अंतरं लिहिली आहेत. सही करण्याआधी मला घरबसल्या यातलं काही तपासता येईल का?»

येईल, आणि त्याला कंपासपेटीतलं सामान पुरतं. चतुःसीमेत ‘पूर्वेस अमुक, पश्चिमेस तमुक’ वाचायची आपल्याला सवय असते, म्हणून हे कोन बघून दडपायला होतं. पण खरं तर चतुःसीमेपेक्षा हे वर्णन तपासायला सोपं. ते एका खुंटीपासून निघतं, प्रत्येक बाजूची दिशा आणि लांबी सांगत फिरतं आणि त्याच खुंटीवर परत येतं. म्हणजे निदान, यायला हवं. माझ्या मसुद्यात ते येत नव्हतं, आणि ते मला कागदावर आखल्यावरच कळलं.

माझ्या मसुद्यातल्या बाजू अशा होत्या. पहिली उ १२°००′ पू, ३०.०० मीटर. दुसरी द ८१°३०′ पू, २४.९० मीटर. तिसरी द ६°३०′ प, २२.०० मीटर. चौथी द ८३°३०′ प, ३३.५८ मीटर, आणि पुढे ‘आरंभबिंदूपर्यंत’. क्षेत्र ७४२ चौरस मीटर. (मूळ खतात दिशांसाठी एन, एस, ई, डब्ल्यू अशी अक्षरं असतात.) वाचायची रीत अशी: पहिल्या अक्षराच्या दिशेला तोंड करून उभं राहायचं आणि दिलेल्या अंशांइतकं शेवटच्या अक्षराकडे वळायचं. द ८१°३०′ पू म्हणजे दक्षिणेला तोंड करून पूर्वेकडे साडेएक्याऐंशी अंश वळणं, म्हणजे रेघ जवळजवळ पूर्वेलाच जाते. नवख्याची हमखास चूक इथे होते: तो प्रत्येक कोन उत्तरेपासूनच मोजतो.

मिलिमीटरचा आलेख कागद घ्या. त्यावरच्या उभ्या रेघा म्हणजे उत्तर-दक्षिण, त्यामुळे प्रत्येक कोपऱ्यावर नव्याने उत्तर आखत बसावं लागत नाही. प्रमाण १:२०० धरा, म्हणजे कागदावरचा १ सेंटीमीटर जमिनीवरचे २ मीटर. माझ्या बाजू १५०, १२४.५, ११० आणि १६७.९ मिलिमीटरच्या झाल्या, साध्या ए-फोर कागदात बसल्या. एक पथ्य पाळा. आखताना सोबतचा प्लॅन उलटा करून ठेवा. तो समोर असला की हात आपोआप रेघ ‘जिथे जायला हवी’ तिथे नेतो, आणि मग तपासणीला अर्थ उरत नाही.

चौथी रेघ संपली तेव्हा माझी पेन्सिल खुंटीच्या पश्चिमेला २५ मिलिमीटरवर होती. जमिनीवर ५ मीटर. आधी वाटलं, कोनमापक हलला असेल. पण त्याचा हिशोब करता येतो. ३३ मीटरच्या बाजूवर कोनात अर्ध्या अंशाची चूक झाली तर टोक सुमारे ३० सेंटीमीटर सरकतं, या प्रमाणात कागदावर दीड मिलिमीटर. म्हणजे चार बाजूंची आकृती दोन-तीन मिलिमीटरने उघडी राहिली तर तो आपल्या हाताचा दोष. २५ मिलिमीटरला हात जबाबदार नसतो.

खरी गंमत पुढे आहे. ही फट नुसती ‘चूक आहे’ एवढंच सांगत नाही, ती कुठे आहे तेही बरंचसं सांगते. माझी फट नेमकी पूर्व-पश्चिम होती, उत्तर-दक्षिण फरक जवळजवळ शून्य. एखाद्या बाजूत पूर्वेच्या जागी पश्चिम पडलं तर नेमकं हेच होतं: ती बाजू जेवढी एकीकडे सरकायची तेवढीच उलटीकडे सरकते, म्हणून फट त्या सरकण्याच्या दुप्पट येते. मग फटीच्या निम्मं, म्हणजे अडीच मीटर, पूर्व-पश्चिम सरकणारी बाजू शोधायची. पहिली ६.२४ मीटर सरकते, दुसरी २४.६३, तिसरी २.४९, चौथी ३३.३६. तिसरीच. ती द ६°३०′ पू धरून पुन्हा आखली, तर आकृती खुंटीवर येऊन मिटली. गणिताने काढली तेव्हा फट जेमतेम १ सेंटीमीटर उरली.

एवढ्यावर विसंबलो नाही. तिसरी बाजू पूर्वेकडे नेली की तिसऱ्या-चौथ्या बाजूंमधला कोन बरोबर ९०° येतो, आणि प्लॅन सुलटा केल्यावर त्या कोपऱ्यावर काटकोनाची खूण होतीच. मसुद्याप्रमाणे तिथे १०३° येत होते. क्षेत्रही जुळलं: दुरुस्त आकृतीचं ७४२ चौरस मीटर, आणि मसुद्याच्या आकृतीचं उघडं टोक सरळ खुंटीला जोडून काढलं तर फक्त ६६९.

चूक कशी झाली असेल तेही शेजारच्या प्लॉटच्या खतातून उलगडलं. त्यात तीच सामाईक रेघ उलट बाजूने मोजलेली होती: उ ६°३०′ प. रेघ उलटी वाचताना दोन्ही अक्षरं बदलावी लागतात, टाइप करणाऱ्याने उत्तरेचं दक्षिण केलं आणि पश्चिम तसंच ठेवलं. त्यामुळे शेजाऱ्यांची खतं जरूर मागवा.

तुमची फट तिरकी आली आणि एखाद्या बाजूला समांतर असली, तर त्या बाजूच्या लांबीवर संशय घ्या, तिथे आकडे उलटेपालटे झालेले असू शकतात. दोन बाजूंत चूक असली तर मात्र फटीवरून काही सांगता येत नाही.

आता या पद्धतीला काय दिसत नाही, ते. आकृती मिटली म्हणजे ती जमिनीवर योग्य जागी आहे असं नाही. सगळे कोन सारखेच फिरलेले असले तरी आकृती तितकीच नीट मिटते. जुन्या वर्णनात पुष्कळदा चुंबकीय उत्तर असते आणि ती वर्षागणिक सरकते. म्हणून कोन कोणत्या उत्तरेपासून मोजलेत ते प्लॅनवर शोधा, आणि जुन्या-नव्या खतांची तुलना करताना बाजूंमधले आतले कोन जुळवा. आरंभीची खुंटी कशाला बांधलेली आहे तेही वाचा. ‘रस्त्याच्या कोपऱ्यापासून इतक्या अंतरावर’ असं असेल तर तो तुकडाही आखा, कारण त्यातल्या चुकीने अख्खा प्लॉट सरकतो आणि आकृती हूं का चूं करत नाही. वर्णनात जुनी भिंत, ओढा किंवा पुरलेला दगड असेल तर ते मुद्दाम अधोरेखित करा. इंग्रजी वळणाचा कायदा असलेल्या देशांत अंतर आणि खूण यांचं जुळलं नाही, तर सहसा जागेवरची खूण ग्राह्य धरतात.

आणि प्लॅनवर मोजपट्टी ठेवण्याआधी त्यावर छापलेली प्रमाणपट्टी मोजून बघा. घरी छापताना प्रिंटर पानात बसवायला नकाशा आक्रसतो, आणि मग १:२०० हे नुसतं लिहिण्यापुरतं उरतं.

माझ्या वकिलाला मी आखलेला कागद आणि शेजारच्या खताचं ते पान पाठवलं. सहीच्या आधीच असल्याने मसुद्यात एक अक्षर बदलून काम भागलं. नोंदणीनंतर लक्षात आलं असतं, तर दुरुस्तीपत्रावर विकणाऱ्याची सही घ्यायला त्याला शोधत फिरावं लागलं असतं. जागेवर खुंट्या दाखवायला सर्व्हेअर मी तरीही लावला, आणि तुम्हीही लावा. त्याला बोलावताना तुमचा आखलेला कागद सोबत द्या, म्हणजे तो आधी संशयाच्या कोपऱ्यावर जाईल.