आभाराच्या पत्रात अडकलेली तक्रार

“माझे पहिले साहेब दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाले. फार कडक होते. आज मी जे काही काम करते, ते त्यांनीच शिकवले आहे. त्यांना आभाराचे पत्र लिहावे असे दरवर्षी आंब्याचा हंगाम संपला की वाटते, पण दोन ओळींच्या पुढे जाता येत नाही. कधी ते लोचटपणाचे वाटते, कधी खोटे वाटते, आणि कधी लिहिता लिहिता रागच येतो. हे असे का होते, आणि पत्र लिहावे की सोडून द्यावे?”

प्रश्न विचारणाऱ्या बाई रत्नागिरीजवळच्या एका कॅनिंग कारखान्यात गुणवत्ता विभाग सांभाळतात. वय छत्तीस. ओळख पटेल असे तपशील मी बदलले आहेत आणि हे लिहिण्याला त्यांची संमती आहे. पहिल्या भेटीत त्यांनी पर्समधून घडी घातलेला कागद काढला. त्यावर लिहिले होते : “तीर्थस्वरूप सर यांस, सा. न. वि. वि. आपण मला घडवलेत. आपले उपकार मी जन्मात फेडू शकणार नाही.” त्यानंतर मोकळी जागा आणि खाली पेनाने गिरवलेला एक चौकोन. “तीर्थस्वरूप” लिहिताना कसे वाटले, असे मी विचारले. त्या म्हणाल्या, “घशात अडकलं. वडिलांसारखे नव्हतेच ते.” मग मायन्यापासूनच खोटे बोलावे लागत असेल, तर पुढचे पत्र कसे लिहून होणार? मी त्यांना काही न सुचवता साहेबांची एखादी गोष्ट सांगायला सांगितले. त्यांनी दोन सांगितल्या, आणि त्यांची अडचण नेमकी त्या दोन गोष्टींमध्ये होती.

पहिली गोष्ट त्यांच्या नोकरीच्या दुसऱ्या महिन्यातली. हापूसच्या गरातला गोडवा रिफ्रॅक्टोमीटरने मोजतात आणि तो ब्रिक्समध्ये नोंदवतात. त्या मालाच्या खरेदीदाराची अट किमान सोळा ब्रिक्सची होती. दर तासाला लाइनवरचा नमुना घ्यायचा, तो थंड होऊ द्यायचा, उपकरणाच्या काचेवर ऊर्ध्वपातित पाणी टाकून शून्य दिसते का ते पाहायचे, काच पुसायची, मग गराचा थेंब ठेवायचा आणि आकडा वहीत उतरवायचा, असा क्रम होता. मे महिन्याची गर्दी होती. बाईंनी शून्य पाहिले नाही, गर गरम असतानाच मोजला, आणि नंतरच्या दोन तासांचे आकडे तर न मोजताच पहिल्यासारखे लिहून टाकले. साहेबांनी वही उघडली, ओळीने तीन तास १६.४ पाहिले आणि विचारले, “आंबा तीन तास एकाच झाडाचा होता का?” त्यांनी त्या तीन तासांचा माल बाजूला काढायला लावला आणि पाळी संपल्यावर बाईंना बसवून वीस नमुने पुन्हा मोजायला लावले. शेजारी स्टूल घेऊन स्वतःही बसले. गर गरम असताना आकडा खऱ्यापेक्षा कमी दिसतो, आणि काचेवर आधीच्या थेंबाची साखर सुकून राहिली तर पुढच्या आकड्याचा भरवसा राहत नाही, हे त्यांनी त्या रात्री दाखवून दिले. घरी जायला साडेदहा वाजले. बाईंना एसटी मिळणार नाही हे ओळखून त्यांनी कारखान्याच्या गाडीने पोहोचवायची व्यवस्था केली.

दुसरी गोष्ट त्यानंतरच्या हंगामातली. नोंदीत पुन्हा एक चूक सापडली. ती तुलनेने किरकोळ होती, पण साहेब लाइनवर, साली काढणाऱ्या पंचवीस-तीस बायकांसमोर म्हणाले, “आकडे वाचता येत नसतील तर उद्यापासून यांच्यात बस.” बाईंच्या आईने अशाच एका कारखान्यात बारा हंगाम साली काढल्या होत्या आणि त्या मजुरीतून मुलीचे बी. एस्सी. झाले होते. साहेबांना हे ठाऊक होते की नव्हते, हे बाईंना आजही माहीत नाही. हे सांगताना त्यांनी हातातला कागद चुरगाळला.

मला यातून जे दिसले ते मी त्यांना सांगितले. एकाच कागदावर दोन पत्रे लिहायचा त्यांचा प्रयत्न चालला होता. आभार मानले की त्या वाक्यालाही माफी दिल्यासारखे होईल, अशी आतून भीती होती. ते वाक्य आठवले की आभार खोटे वाटत होते. त्यामुळे “उपकार”, “घडवलेत” असे मोठे शब्द पुढे येत होते, कारण मोठ्या शब्दांत कोणताच प्रसंग नसतो आणि प्रसंग नसला की दुखरी जागाही झाकली जाते. कडक वरिष्ठांना पत्र लिहू पाहणारे बरेच जण याच ठिकाणी थांबतात, असा माझा अनुभव आहे. त्यांना वाटते की आपल्याला शब्द सुचत नाहीत, पण खरी अडचण निराळी असते.

इथे कडकपणा आणि अपमान यांत फरक करावा लागतो. बाईंच्या दोन्ही गोष्टींत आवाज चढलेलाच होता, त्यामुळे तो आवाजावरून कळत नाही. पहिल्या प्रसंगात साहेबांचा रोख वहीतल्या आकड्यावर होता, चूक कशी सुधारायची हे त्यांनी दाखवले आणि ज्या नियमासाठी बाईंना बसवले त्यासाठी ते स्वतःही बसले. दुसऱ्या प्रसंगात रोख माणसावर होता, आणि त्यातून शिकण्यासारखे काहीच नव्हते. एकाच माणसाकडून ही दोन्ही माणसाला मिळू शकतात, आणि पहिल्याचे आभार मानले म्हणून दुसरे पुसले जात नाही. ज्या वरिष्ठाने पगार अडवला, बदनामी केली किंवा अंगचटपणा केला, त्याला चार गोष्टी शिकवल्या म्हणून पत्र लिहिण्याचा आग्रह मी कोणालाही करत नाही. ते प्रकरण निराळे.

मग आम्ही काम वाटून घेतले. पहिल्या आठवड्यात त्यांनी न पाठवायचे पत्र लिहायचे होते. त्याला मायना नको, शुद्धलेखन नको, आणि आईबद्दलचे सगळे त्यात यायला हवे होते. ते चार पाने झाले. ते मी वाचले नाही. त्यांनी त्यातला एकच परिच्छेद मोठ्याने वाचून दाखवला आणि पाने परत पर्समध्ये ठेवली. दुसऱ्या आठवड्यात पाठवायचे पत्र, आणि त्यासाठी मी तीनच गोष्टी मागितल्या : एक प्रसंग, त्यातून हाताला लागलेली एक सवय, आणि ती सवय आज कुठे उपयोगी पडते.

पहिला मसुदा आला त्यात एक वाक्य होते, “आपण फार कडक होतात, पण आज त्याची किंमत कळते.” हे वाक्य अशा जवळजवळ प्रत्येक पत्रात असते आणि ते मी प्रत्येक वेळी काढायला सांगतो. लिहिणाऱ्याला ते कौतुक वाटते, परंतु वाचणाऱ्याला “पण”च्या आधीचा भागच ऐकू येतो. चार पानांतली तक्रार तिथून हळूच आत शिरलेली असते. आभाराच्या पत्रात “पण” सापडला, तर त्याच्या अलीकडचा मजकूर दुसऱ्या पत्राचा आहे असे समजावे.

दुसरी तपासणी मी प्रश्न विचारून केली. उत्तर आलेच नाही तर काय वाटेल? बाई बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, “त्यांना ते वाक्य आठवेल आणि ते काहीतरी बोलतील, असं वाटतंय.” पत्र तेव्हाच पाठवले असते तर ते आभाराच्या पाकिटात घातलेले मागणीपत्र झाले असते. म्हणून आम्ही दोन आठवडे थांबलो. त्यानंतर तोच प्रश्न पुन्हा विचारला तेव्हा त्या म्हणाल्या, “नाही आलं तरी मी सांगितलेलं खरंच राहील.” मग पाठवायला हरकत उरली नाही.

राहिला प्रश्न लोचटपणाचा. अमित कुमार आणि निकोलस एप्ली या संशोधकांनी २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत लोकांना आभाराची पत्रे लिहायला लावली आणि मिळणाऱ्याला काय वाटेल याचा अंदाज विचारला. मिळणाऱ्याला अवघडल्यासारखे होईल असे लिहिणाऱ्यांना वाटले त्यापेक्षा ते प्रत्यक्षात कमी निघाले, आणि आनंद अपेक्षेपेक्षा जास्त निघाला. लिहिणारा शब्द बरोबर आहेत का याची काळजी करतो, वाचणाऱ्याला त्यातला जिव्हाळा महत्त्वाचा वाटतो. अर्थात त्या पत्रांना आपल्या बाईंसारखी चार पानांची जोड नव्हती, म्हणून हा निष्कर्ष मी त्यांना सुरुवातीला न सांगता शेवटी सांगितला. शिवाय साहेब निवृत्त झाले होते आणि बाई दुसऱ्या कारखान्यात होत्या. पगारवाढ किंवा शिफारस यांचा प्रश्नच नव्हता, त्यामुळे लोचटपणाला तिथे जागाही नव्हती.

पाठवलेले पत्र त्यांच्या परवानगीने देतो.

“आदरणीय सर, सादर नमस्कार.

मी आपल्या लॅबमध्ये चार हंगाम काम केले. पहिल्या हंगामात मी तीन तास एकच ब्रिक्स लिहिला होता आणि आपण मला वीस नमुने पुन्हा मोजायला लावले होते. त्या रात्री आपण शेजारी बसून गर गरम असताना आकडा कसा फसवतो ते दाखवलेत. तेव्हापासून शून्य पाहिल्याशिवाय मी आकडा लिहिलेला नाही.

आता माझ्या हाताखाली चार मुली आहेत. गेल्या मे महिन्यात एकीच्या वहीत लागोपाठ सारखे आकडे दिसले, तेव्हा मी तिच्या शेजारी बसून नमुने मोजून घेतले. उपकरणाच्या काचेवर साखर सुकलेली होती. तो माल आम्ही भरण्याआधी अडवू शकलो. हे मला आपल्यामुळे येते, ते आपल्याला कळावे म्हणून लिहिले. मनापासून आभार.

उत्तराची तसदी घेऊ नये. आपली तब्येत चांगली असावी.”

यात “उपकार” नाही, “घडवलेत” नाही आणि कडकपणाचा उल्लेखही नाही. वीस नमुन्यांचा उल्लेख केल्यावर त्याची गरज उरत नाही. “मनापासून” हा शब्द बाईंनी तीनदा खोडून पुन्हा लिहिला होता, मी तो ठेवायला सांगितला. त्यांनी व्हॉट्सअॅपवर पाठवू का, असे विचारले होते. निवृत्त माणसाच्या फोनवर सकाळच्या शुभेच्छांच्या गर्दीत हे हरवेल, असे मला वाटले, आणि त्यावर दोन निळ्या खुणा कधी येतात हे पाहत बसण्याचा मोह बाईंना आवरला नसता. पत्र पोस्टाने गुहागरकडच्या एका गावी गेले.

अकराव्या दिवशी साहेबांचा फोन आला. बोलणे चार मिनिटे झाले, त्यातली तीन पावसाबद्दल आणि यंदाच्या मोहोराबद्दल. शेवटी त्यांनी त्या चार मुलींची शिक्षणे काय आहेत ते विचारले आणि पत्र मिळाल्याचे सांगितले. लाइनवरच्या त्या वाक्याचा विषय निघाला नाही. तो त्यांना आठवतो की नाही, हे बाईंना कळले नाही.

चार पाने अजून पर्समध्येच होती. ती घेऊन बाई पुढच्या महिन्यात दोनदा आल्या, आणि तेव्हा आम्ही साहेबांबद्दल फार थोडे व आईबद्दल पुष्कळ बोललो.