डब्यातली चिठ्ठी

“बाबा, आजी फोनवर म्हणाली, ‘प्रयत्ने वाळूचे कण रगडिता तेलही गळे.’ पण वाळूत तेल नसतंच ना! मग आपण असं का म्हणतो?”

सोनू,

काल रात्री तुझे डोळे मिटत आले होते, म्हणून उत्तर डब्यात ठेवतोय. आधी पोळी-भाजी खा, मग वाच. गणिताचा पेपर मधल्या सुट्टीनंतर आहे, वेळ आहे.

तुझं बरोबर आहे, वाळूत तेल नसतं. ही ओळ एका श्लोकाची आहे. मूळ श्लोक संस्कृतात भर्तृहरीचा, मराठीत आणला वामन पंडितांनी. त्यात कवी म्हणतो की एक वेळ वाळूतून तेल निघेल, मृगजळाने तहान भागेल, सशाचं शिंगसुद्धा सापडेल, पण हट्टी मूर्खाची समजूत काही घालता येणार नाही. म्हणजे न होणाऱ्या गोष्टीच त्याने मुद्दाम निवडल्यात. पुढे लोकांच्या तोंडी पहिली ओळ तेवढी राहिली आणि तिचा अर्थ ‘प्रयत्न केला की सगळं जमतं’ असा झाला. आजी त्याच अर्थाने म्हणते, मायेने म्हणते. तिला हे सांगशील तेव्हा हळूच सांग हं.

मला मात्र आज तुझ्यासाठी दुसरी म्हण हवी होती:

थेंबे थेंबे तळे साचे

‘साचे’ म्हणजे साचतं, जुन्या मराठीत असं म्हणायचे. थेंबाथेंबाने तळं भरतं. इथे पाणी खरोखरचं आहे, म्हणून ही म्हण तुला शोभते. जानेवारीत तू १/२ + १/३ चं उत्तर २/५ लिहायचीस. वरचे वर मिळवायचीस, खालचे खाली. मग एकदा जेवताना आपण पोळी मोडून पाहिली, आठवतं? अर्ध्या पोळीत आणखी तुकडा घातला तर ती अर्धीपेक्षा मोठीच होणार, आणि २/५ तर अर्ध्याहून लहान! तू घास तसाच हातात धरून म्हणालीस, “मग हे चुकलंच!” त्यानंतर रोज रात्री पाच गणितं, चाळीस रात्री. दोनशे झाली, वहीत मोजली मी. आता छेद सहा करून ५/६ तू न विचारता लिहितेस.

आजही उत्तर आलं की ती पोळी आठव. बेरीज मोठ्या तुकड्याहून लहान आली, तर छेद पुन्हा बघ. एखादं अडलं तर त्याला खूण कर आणि पुढे जा.

सकाळी दही-साखर खाताना ओठावर थोडं दही राहिलं होतं. पुसलं नाही मी, फार गोड दिसत होतीस.

साडेतीनला फाटकाशी उभा असेन. पेपर कसा गेला ते नंतर सांग, आधी धावत येऊन मला घट्ट मिठी मार.

तुझा,
बाबा