टॅक्स कन्सल्टन्सीची फी वाढवताना

प्रश्न: इचलकरंजीत आमची टॅक्स कन्सल्टन्सी १२ वर्षं चालू आहे. २०१९ पासून फी तीच आहे. सरसकट २० टक्के वाढवायची म्हणतोय, पण मोठे क्लायंट जायला नकोत. कसं करावं?

मोठा क्लायंट तुम्ही बिलाच्या आकड्यावरून ठरवत असाल, तर भलत्याच माणसाला जपाल. तीन महिने प्रत्येक क्लायंटमागे ऑफिसचे किती तास जातात ते लिहून ठेवा. फोन, बिलांसाठी मागे लागणं, जीएसटीआर-२बीशी खरेदी जुळवणं, सगळं त्यात धरा.

समजा सूत व्यापारी महिन्याला ८,००० रुपये देतो. पण ११ तारखेला जीएसटीआर-१ भरायचा आणि हा १० ला रात्री बिलांची पिशवी पाठवतो, ती पण अर्धी. त्याच्यामागे २६ तास जातात, म्हणजे तासाला जेमतेम ३०८ रुपये. सायझिंगवाला ५,००० च देतो, पण त्याचा माणूस टॅलीत नोंदी नीट करतो आणि तुमचे ६ तास लागतात. तासाला ८३३. जपायचा तो सायझिंगवाला. सरसकट २० टक्के लावलेत तर दोघांना एकाच काट्यावर तोलल्यासारखं होईल आणि आधी चांगला क्लायंटच दुखावेल.

म्हणून सायझिंगवाल्याला १० टक्क्यांच्या वर जाऊ नका. सूतवाल्यापुढे दोन दर ठेवा: बिलं ५ तारखेच्या आत आली तर ९,६००, नंतर आली तर ११,२००. बहुतेक जण पहिला दर घेतात आणि पुढच्या महिन्यापासून बिलं खरंच वेळेवर यायला लागतात. गेलाच, तर महिन्याचे २६ तास मोकळे होतात.

आता एक खड्डा, ज्यात आपल्याच धंद्यातले लोक पडतात. तुमची वर्षाची फी १८ लाख असेल आणि जीएसटी नोंदणी नसेल, तर २० टक्के वाढीनंतर ती २१.६ लाख होते. सेवेसाठी मर्यादा २० लाखांची आहे, म्हणजे नोंदणी आली आणि फीवर १८ टक्के कर आला. नियमित जीएसटी भरणाऱ्या क्लायंटला त्याचं क्रेडिट मिळतं, त्याची तक्रार नसते. पण कंपोझिशनवाला किराणा दुकानदार किंवा नोंदणीच नसलेला माणूस क्रेडिट घेऊ शकत नाही. त्याचे २,००० चे थेट २,८३२ होतात, जवळजवळ ४२ टक्के वाढ. अशांची मूळ फी त्या वर्षी तशीच ठेवा, नुसत्या करानेच त्यांचे २,३६० होतात. वाढ नियमित क्लायंटकडूनच काढा. मर्यादा पॅनवर मोजली जाते, त्यामुळे त्याच पॅनवर दुकानगाळ्याचं भाडं येत असेल तर तेही धरा.

पत्र फेब्रुवारीच्या मध्यात द्या, दर १ एप्रिलपासून. जुलैत, रिटर्नच्या गर्दीत, कुणी हा विषय काढू नये. पहिल्या दहा जणांना प्रत्यक्ष भेटा. जागाभाडं आणि पगार वाढल्याचं रडगाणं नको, त्यांचंही वाढलेलंच असतं. २०१९ नंतर त्यांचं कोणतं काम वाढलं ते सांगा: २बी जुळवणं, नोटिसांची उत्तरं, बँकेची स्टॉक स्टेटमेंट. घासाघीस झाली तर दर कमी करू नका, काम कमी करा. स्टॉक स्टेटमेंट वेगळ्या फीवर टाका. एकाला दिलेली सूट संध्याकाळपर्यंत सगळ्या सूतबाजाराला कळते.

माझे एक जुने भागीदार ठामपणे म्हणायचे, जुन्या माणसाकडे वाढ मागायची नाही, नव्याकडून काढायची. मला हे तेव्हाही पटलं नाही, आजही पटत नाही. आपल्याकडे नवा क्लायंट जुन्याच्याच ओळखीने येतो आणि पहिलं विचारतो, "त्यांना किती घेता?" शिवाय सर्वात जास्त वेळ जुनेच खातात, कारण कामं 'तेवढं बघा की' म्हणत एकावर एक चढलेली असतात. दरवर्षी एप्रिलला थोडी वाढ केली असती, तर तुमच्यावर आज ही वेळ आली नसती.

क्लायंट निघाल्याची खूण रागात दिसत नाही. तो टॅलीचा बॅकअप मागतो, मागच्या तीन वर्षांच्या रिटर्नच्या प्रती मागतो, नाहीतर जीएसटी पोर्टलवरचा मोबाइल नंबर बदलतो. त्याच दिवशी भेटायला जा. पण कागद अडवून धरू नका. बाकी वसूल करायची ती वाट नाही.

राहिलं एक. एकाच क्लायंटकडून एक चतुर्थांशापेक्षा जास्त फी येत असेल, तर वरचं त्याला लावू नका. आधी दुसरी दोन-तीन कामं मिळवा, त्याचा दर पुढच्या एप्रिलला बघा.