ऑडिओबुक ऐकल्यावर कादंबरीचा अर्थ बदलतो का?

प्रश्न: ‘मृत्युंजय’ कॉलेजात असताना वाचली होती. आता ती ऐकायचा विचार आहे. वाचणाऱ्या कलाकाराच्या आवाजामुळे पुस्तकाचा अर्थ बदलतो का, की तीच गोष्ट कानांनी कळते एवढंच?

उत्तर:

बदलतो. आणि या कादंबरीत नेमका कुठे बदलतो, ते मला माझ्या आईमुळे कळलं.

मी खानापूरचा. बेळगावला उद्यमबागेत कामाला आहे, रोज बसनं ये-जा करतो. ‘मृत्युंजय’ मी आधी दोनदा वाचलेली. गेल्या पावसाळ्यात ती बसमध्ये ऐकायला घेतली. घरी आलो की तोच भाग आईला लावून द्यायचो, कारण मोतीबिंदूमुळे तिचं वाचन सुटलंय. मी ऐकलेल्या वाचनात सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकाच पुरुषाचा आवाज होता.

शिवाजी सावंतांची ही कादंबरी १९६७ ची. तिच्यात सहा जण आपापली बाजू ‘मी’ म्हणून सांगतात: कर्ण, कुंती, दुर्योधन, वृषाली, शोण आणि शेवटी कृष्ण. म्हणजे कर्णाच्या भागात दुसरं कुणी बोललं, तरी ते बोलणं कर्णाच्या आठवणीतूनच येतं. छापील पानावर हे विसरायला होत नाही. वाक्याच्या आगेमागे ‘मी’ असतो, अवतरणचिन्हं असतात, आणि ‘सूतपुत्र’ हा शब्द कुणाच्याही तोंडी आला तरी अक्षरं तीच दिसतात. तो शब्द खरंच तिरस्कारानं म्हटला होता, की कर्णाला तसा ऐकू आला, हे पान सांगत नाही. ते वाचणाऱ्यानं ठरवायचं.

आवाजाला मात्र ठरवावंच लागतं. शस्त्रस्पर्धेत भीम कर्णाला हिणवतो, तिथे कलाकारानं भीमाचा आवाज जाड आणि उर्मट केला, ‘सूतपुत्र’ मधला ‘सू’ लांबवला. ऐकायला जबरदस्त. पण त्यामुळे कर्ण सांगतोय हे मागं पडलं आणि भीमच समोर उभा राहिला. आई म्हणाली, “हा भीम लय वाईट की रे. कसा बोलूलाय बघ.”

मी पुस्तक काढलं आणि तेच पान तिला साधं, चढउतार न करता वाचून दाखवलं. ती जरा थांबली. मग म्हणाली, “म्हणजे हे हाच सांगूलाय होय? त्याला जसं लागलं तसं.” एका पानात तिचा राग भीमावरून निघाला आणि तिला कर्णाची जखम दिसायला लागली. शब्द एकही बदलला नव्हता.

यात कलाकाराची चूक नाही. मराठीत ‘तो म्हणाला’ पुष्कळदा वाक्याच्या शेवटी येतं. डोळा पुढे धावून कोण बोलतंय ते टिपतो, पण आवाजाला पहिल्याच शब्दाला माणूस धरावा लागतो. शिवाय सहा निवेदक एकाच गळ्यातून वेगळे करायचे, तर थोडा अभिनय लागतोच. त्यातून एक फायदाही झाला. पुस्तकात सगळेच जवळपास सारखी, उपमांनी भरलेली भाषा बोलतात असं मला वाटायचं. इथे कुंतीचा भाग त्यानं हळू, मध्ये मध्ये थांबत वाचला, आणि जी लांब वर्णनं मी दोन्ही वेळा वरवर चाळली होती, ती मला एका बाईला मुद्द्यावर यायला जड जातंय अशी ऐकू आली. तो अर्थ मला वाचताना कधीच सापडला नव्हता.

म्हणून वेग वाढवून ऐकू नका. घाईत मी दीडपट वेगानं ऐकून पाहिलं, तर नेमके ते थांबेच आखडले आणि कुंती नुसती बोलघेवडी वाटायला लागली.

ऐकताना एक गोष्ट तपासत जा. दुसऱ्याचं वाक्य संपवून आवाज परत निवेदकाकडे येतो, तेव्हा त्यात काही उरतं का? चांगला वाचणारा भीमाचं वाक्य म्हणूनही शेवटच्या शब्दाला किंचित कर्णाकडे वळतो. ते वळण नसेल आणि प्रत्येक पात्र सुटं, नाटकासारखं येत असेल, तर तुम्ही आठवण न ऐकता प्रसंग ऐकताय. असा प्रसंग लागला की ते पान पुस्तकात काढून मनातल्या मनात वाचा. तुम्ही आधी वाचलेलं आहे, त्यामुळे तुम्हाला हे पटकन जमेल. आईसारख्या फक्त ऐकणाऱ्याला कुणीतरी ते वाचून दाखवावं लागतं.

शेवटच्या भागाला तर काहीच उपाय नव्हता. पुस्तकात पान उलटलं की वर कृष्णाचं नाव दिसतं आणि आपण माणूस बदलतो. इथे नाव एकदाच उच्चारलं गेलं, आणि इतके दिवस कर्ण म्हणून ओळखीचा झालेला तोच गळा कर्णाच्या मरणाबद्दल सांगायला लागला. आईनं मोबाइलकडे हात केला. “थांबव जरा,” म्हणाली. “तो गेला न्हवं? मग हा त्याचाच आवाज कसा?” त्या रात्री पुढचं आम्ही ऐकलं नाही. दुसऱ्या दिवशी उरलेली पानं मी तिला पुस्तकातून वाचून दाखवली.